तीन नंबरचा पीसी: वाचनालयाच्या संगणक कक्षातल्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

गेल्या महिन्यात वाचनालयाने फायबरचं कनेक्शन ४० वरून २०० एमबीपीएसवर नेलं. तेव्हापासून तीन नंबरच्या पीसीवर बसणाऱ्या मुलांची एकच तक्रार, की नेट पूर्वीइतकंच रडतंय. कार्यवाह काकांनी स्वतः तिथे बसून स्पीड टेस्ट घेतली. आकडे आले ५८, ६४ आणि ६१. कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने तीच तार स्वतःच्या लॅपटॉपला लावून २०० दाखवले आणि निघून गेला. काकांच्या मते त्या लॅपटॉपमध्येच काहीतरी गडबड आहे. तक्रारीचं पत्र टाइप करून तयार आहे, फक्त सही राहिली आहे.

मी ते पत्र थोडे दिवस थांबवायला सांगितलं. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "तुम्हीच बघा दादा, पण परीक्षेचे फॉर्म सुरू आहेत. पीसी दिवसा बंद ठेवता येणार नाही." त्यामुळे माझं काम संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी.

आज फक्त लक्षणं लिहून घेतली. यंत्र असं: इंटेल पेंटियम ई५४००, दोन कोर, २.७ गिगाहर्ट्झ. जी४१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबीची ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. माझा लॅपटॉप त्याच तारेवर तीनदा २०० च्या वर गेला, म्हणजे कंपनीचा मुलगा खोटं बोलत नव्हता.

दुसरं लक्षण मला जास्त विचित्र वाटलं. ब्राउझरमधून मोठी फाईल उतरवायला घेतली की सुरुवातीला वेग सेकंदाला १४-१५ एमबी दिसतो. अर्ध्या मिनिटात तो ३-४ वर येतो, मध्येच `0 B/s` होतो, मग उसळी मारून पुन्हा खाली जातो. (२०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठाने भागलं की सेकंदाला २५ एमबी होतात. हे काकांना समजावण्यात आज वीस मिनिटं गेली, आणि तरी त्यांना त्यात कंपनीचीच लबाडी दिसते.)

पण हाच पीसी स्पीड टेस्टमध्ये निदान ६० वर टिकून राहतो, तिथे वेग शून्यावर जात नाही. स्पीड टेस्ट आणि डाउनलोड या दोघांची चाल वेगळी आहे. हे एकच दुखणं नसावं अशी शंका आत्ताच लिहून ठेवतो.

२ जून, रविवार

आधी तार आणि नेटवर्क कार्ड. विंडोजमध्ये लिंकचा वेग `1000/1000 (Mbps)` दिसतो. हे पाहणं पहिलं काम, कारण तारेतली एखादी जोडी तुटली की कार्ड मुकाट्याने १०० वर उतरतं. पण तसं झालं की स्पीड टेस्ट ९४-९५ ला जाऊन भिंतीला टेकल्यासारखी सपाट राहते. इथे आकडा ६० च्या आसपास डुलतोय, तो त्या जातीचा नाही.

मग इंटरनेट बाजूला ठेवून फक्त वाचनालयातलं नेटवर्क तपासलं. पीसीवर आयपर्फ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम घेणाऱ्याच्या भूमिकेत सुरू केला आणि लॅपटॉपवरून त्याच्यावर डेटा ओतला.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.20 -t 20
```

पहिली ओळ पीसीवर, दुसरी लॅपटॉपवर. पहिल्यांदा जोडणीच होईना. विंडोजच्या फायरवॉलने वाट अडवली होती, ती मोकळी केली. वीस सेकंदांची सरासरी ८८० एमबीपीएस आली. पुन्हा घेतली तर ८७० च्या पुढे.

म्हणजे स्विच, भिंतीतली तार, नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर मिळून आपल्या कनेक्शनच्या चौपट माल घेऊ शकतात. नेटवर्क सुटलं. पण हेही लक्षात ठेवायचं, की आयपर्फ आलेला डेटा मोजतो आणि फेकून देतो. तो कूटलेखनाचं कुलूप उघडत नाही, पडद्यावर काही काढत नाही, डिस्कला हात लावत नाही. पीसी जिथे अडतोय ती जागा या चाचणीच्या पुढे आहे.

५ जून, बुधवार

काल लोकसभेच्या निकालाचा दिवस. वाचनालयात सगळे टीव्हीसमोर होते, काम शून्य. आज सव्वासातला बसलो.

टास्क मॅनेजर उघडा ठेवून ब्राउझरमध्ये स्पीड टेस्ट चालवली. प्रोसेसरचा आलेख ८५ ते १०० टक्क्यांमध्ये. आलेखावर उजवं बटण दाबून प्रत्येक कोरचा वेगळा आलेख लावला तेव्हा दिसलं, की एक कोर पूर्ण वेळ छताला चिकटलेला आणि दुसरा वरखाली होतोय. ही सवय लावून घ्यायला हवी. चार कोरच्या यंत्रात एक कोर गुदमरला तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो, आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर मोकळाच आहे.

आता ब्राउझर वगळून तीच गोष्ट. एका लिनक्सची मोठी आयएसओ फाईल इंटरनेटवरून ओढायची, पण डिस्कवर लिहायचीच नाही.

```
curl.exe -o NUL <फाईलचा पत्ता>
```

`NUL` म्हणजे विंडोजमधली मोरी, जे ओताल ते वाहून जातं. आणि `.exe` लिहिणं गरजेचं. पॉवरशेलमध्ये नुसतं `curl` लिहिलं तर ती वेगळ्याच आज्ञेची टोपणहाक आहे. मागे एकदा त्या दुसऱ्या आज्ञेने मी वेग मोजला होता. तिची प्रगतिपट्टी रंगवण्यातच इतका वेळ जात होता की चांगल्या यंत्रावरही आकडा रडका आला, आणि मी दिवसभर राउटरला शिव्या घातल्या.

निकाल: सेकंदाला १५ एमबी, म्हणजे १२० एमबीपीएस. ब्राउझर ६० आणि हा १२०. ब्राउझर बराच वेग खातो हे नक्की, पण ब्राउझर नसतानाही २०० होत नाहीत. मध्ये अजून कोणीतरी बसलंय.

माझा पहिला संशय कूटलेखनावर होता. आजकाल सगळं एचटीटीपीएस, म्हणजे आलेला प्रत्येक बाईट आधी उलगडावा लागतो. नवे प्रोसेसर एईएस या कूटपद्धतीचं हे काम स्वतंत्र सूचनांनी झपाट्याने करतात. इंटेलने ती सोय २०१० पासून काही प्रोसेसरांत दिली, या पेंटियममध्ये ती नाही. जुन्या यंत्राचं नेट मंद असलं की सगळे याच्यावर बिल फाडतात, मीही आजवर फाडत आलो. या वेळी मोजून पाहिलं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि:

```
openssl speed -evp aes-128-gcm
```

८ केबीच्या तुकड्यांच्या रकान्यात सेकंदाला ११२ एमबी. आपल्याला लागतात २५. म्हणजे सोय नसतानाही कूटलेखनाला एका कोरचा जेमतेम पाव भाग पुरतो. तो भार आहेच, पण त्याच्याने २०० चे ६० होणार नाहीत.

मग ब्राउझरच्या कुलपावर टिचकी मारून प्रमाणपत्र पाहिलं आणि उलगडा झाला. प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचं नाव! कोणीतरी कधीतरी टाकलेला फुकटचा अँटिव्हायरस, त्यात एचटीटीपीएस तपासणी चालू. तो वाटेतच बसतो. साइटकडून आलेलं कुलूप उघडतो, आतला माल चाळतो, स्वतःचं कुलूप लावून पुढे पाठवतो आणि ब्राउझर ते पुन्हा उघडतो. एकदा होणारं काम तीनदा, शिवाय चाळणं वेगळं. दोन कोरच्या यंत्राला हे झेपणार कसं?

तो काढून टाकला आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर राहू दिला. यंत्र पुन्हा चालू केल्यावर कर्ल सेकंदाला २३ एमबीवर, म्हणजे जवळजवळ पूर्ण कनेक्शन. ब्राउझरची स्पीड टेस्ट ६१ वरून ९६.

ताई तेवढ्यात कुलूप लावायला आल्या. आकडा बघून म्हणाल्या, "झालं की मग?" नाही झालं. डाउनलोड करून पाहिलं, तर ते अजूनही तसंच आचके देतंय.

८ जून, शनिवार

आज पेटी उघडली. आत धुळीची गोधडी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक वर आली होती. या जातीच्या बोर्डांवर हे फार होतं. खुंटी दाबताना टक असा आवाज येतो, पण पुरती बसत नाही आणि वर्षभरात सुटते. मग पंखा एका बाजूने उचलला जातो, खालची पेस्ट वाळून खडू होते, आणि प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला स्वतःचाच वेग कमी करतो. स्पीड टेस्ट चालू असताना तापमान ९८ अंशांपर्यंत जात होतं.

धूळ काढली, पेस्ट बदलली, चारही खुंट्या बोर्डाच्या मागून बोट लावून बसल्याची खात्री केली. आता तेच काम करताना ६३ अंश. ब्राउझरची टेस्ट ११२ पर्यंत आली. पाऊस सुरू झाला आणि सहालाच वीज गेली, पुढचं उद्या.

९ जून, रविवार

आजचा दिवस फक्त डाउनलोडचा.

इंटरनेटचा संबंधच नको म्हणून लॅपटॉपवर २ जीबीची फाईल ठेवली आणि तिथेच छोटा वेब सर्व्हर चालू केला.

```
python3 -m http.server 8000
```

पीसीवरून तीच फाईल दोन प्रकारे ओढली, एकदा मोरीत आणि एकदा डिस्कवर.

```
curl.exe -o NUL http://192.168.1.10:8000/test.bin
curl.exe -o C:\test.bin http://192.168.1.10:8000/test.bin
```

पहिलीला सेकंदाला ८४ एमबी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दुसरी सुरू झाली ७० ने. साधारण ३०० एमबी उतरेपर्यंत छान, आणि मग घसरगुंडी: १२, ६, ४, शून्य, ९, ३. तीच फाईल, तीच तार, तोच प्रोसेसर, तीच आज्ञा. फरक एकच, की माल कुठे ठेवायचा.

सुरुवातीचे ३०० एमबी वेगात का उतरतात, तर विंडोज ते लगेच डिस्कवर लिहीतच नाही. आधी रॅममध्ये साठवतं आणि मागाहून सावकाश डिस्ककडे देतं. २ जीबी रॅममध्ये विंडोज आणि बाकी पसारा जाऊन असल्या साठ्याला जागा किती उरणार! ती भरली की विंडोज लिहिणाऱ्या प्रोग्रामला थोपवतं, आधीचं खाली उतरल्याशिवाय नवं घेत नाही. सुरुवातीला जो वेग दिसतो तो रॅमचा, डिस्कचा खरा वेग नंतर दिसतो.

पण डिस्क इतकी मंद का? ७२०० फेऱ्यांची डिस्क सरळ ओळीने लिहायला मिळालं तर सेकंदाला ७०-८० एमबी सहज लिहिते. रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कचं पान उघडलं आणि दिसलं, की ती सरळ ओळीने काही करतच नाहीये. कर्ल लिहितोय. डिफेंडर आलेली फाईल वाचतोय. रॅम कमी म्हणून रॅममधला माल डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये ये-जा करतोय. शोधसूची बनवणारी सेवा मध्येच काहीतरी चाळतेय. आणि वाचायला-लिहायला सुई एकच!

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत. सुई योग्य वर्तुळावर न्यायला साधारण ९, आणि हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४. एका उडीला १३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम ७५ उड्या. प्रत्येक उडीला ६४ केबी लिहिले तर सेकंदाला पावणेपाच एमबी. पडद्यावर ३, ४, ६ असे जे आकडे येत होते ते याच घरातले. एका कामवाल्या बाईला चार घरांनी एकाच वेळी हाक मारली की तिचा वेळ रस्त्यातच जातो, तसं हे.

मात्र वेग पूर्ण शून्यावर जाणं या हिशेबात बसत नाही. रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रतिसादाचा वेळ मधूनच ९००, १४०० मिलिसेकंद दिसतो. १३ च्या जागी १४००? ही डिस्क कुठेतरी अडखळतेय. ते पुढच्या शनिवारी.

९ जून, रात्री

घरी येऊन वायरशार्कची, म्हणजे तारेवरून गेलेल्या प्रत्येक पाकिटाची, नोंद पाहत बसलो. दुपारी लॅपटॉपवर, म्हणजे माल पाठवणाऱ्या बाजूला, ती घेऊन ठेवली होती. प्रत्येक पाकिटाचे पहिले ९६ बाईटच, नाहीतर २ जीबीची नोंद झाली असती. हे काकांना दाखवायचंय म्हणून नीट लिहितो.

टीसीपीमध्ये माल घेणारा प्रत्येक पोचपावतीबरोबर एक आकडा कळवतो: माझ्याकडे आत्ता एवढी जागा मोकळी आहे. त्याला विंडो म्हणतात. पाठवणारा त्याहून जास्त पाठवत नाही. पीसीवर कर्ल डिस्कपाशी अडकला की तो नेटवर्ककडून आलेला माल उचलत नाही, मग मधला साठा भरत जातो आणि विंडोचा आकडा उतरत जातो. शेवटी पीसी कळवतो: जागा शून्य, थांब.

वायरशार्कमध्ये ही पाकिटं वेगळी काढता येतात.

```
tcp.analysis.zero_window
```

दुसऱ्या डाउनलोडमध्ये अशी ३८ पाकिटं निघाली, सगळी पीसीकडून लॅपटॉपकडे. एका जागी शून्य कळवल्यानंतर तब्बल १.४ सेकंद काहीच नाही, आणि मग `TCP Window Update`, म्हणजे आता पाठव. पडद्यावर `0 B/s` दिसत होतं ते हेच. मोरीवाल्या डाउनलोडमध्ये असं पाकीट एकही नाही.

शेजारची कसोटीही करून घेतली. `tcp.analysis.retransmission` लावून हरवलेली आणि पुन्हा पाठवावी लागलेली पाकिटं मोजली, तर अख्ख्या २ जीबीत ती दोन. तार खराब असती, वाय-फायमध्ये गडबड असती किंवा पुढे कुठे कोंडी असती, तर इथे शेकड्यांनी दिसली असती आणि विंडो मात्र ऐसपैस राहिली असती. माल वाटेत हरवला तर दोष वाटेचा. माल दारात पोचला आणि घरधन्यानेच दार लावून घेतलं, तर वाटेला बोल लावून काय उपयोग?

इंटरनेटवरून उतरवतानाही घडतं हेच, फक्त पलीकडे लॅपटॉपऐवजी दूरचा सर्व्हर असतो. त्याला आपला पीसी सांगतो थांब, तो थांबतो, आणि आपण म्हणतो नेट गेलं.

आणि स्पीड टेस्टमध्ये वेग शून्यावर का जात नव्हता, तेही आता जुळलं. टेस्ट कोणतीही फाईल साठवत नाही. आलेला डेटा मोजते आणि सोडून देते, म्हणजे डिस्क तिच्या वाटेत जवळजवळ येतच नाही. तिला प्रोसेसर नडत होता, डाउनलोडला डिस्क नडतेय. पहिल्या दिवशीची शंका बरोबर निघाली.

१५ जून, शनिवार

डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचली. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून:

```
smartctl -A /dev/sda
```

`Reallocated_Sector_Ct` ११२ आणि `Current_Pending_Sector` २४. पहिला आकडा म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले भाग. दुसरा जास्त वाईट: हे भाग वाचताना डिस्क अडखळते, पण त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. अशा भागावर आली की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि तोवर बाकीच्या सगळ्या मागण्या रांगेत. १४०० मिलिसेकंद तिथेच जात होते. `UDMA_CRC_Error_Count` शून्य आहे, म्हणून डेटा केबलला दोष देता येत नाही. तो आकडा वाढत असता तर डिस्क न बदलता तीस-चाळीस रुपयांच्या केबलवर भागलं असतं. वर ९३ टक्के डिस्क भरलेली.

काकांना बोलावून नोंद दाखवली. ३८ पाकिटं त्यांनी एकेक करून मोजली (निवृत्त लेखापाल, इलाज नाही). मग म्हणाले, "म्हणजे आपलाच माणूस आतून कडी लावतो म्हणायचं." पत्र फाईलला लावून ठेवलं, फाडलं मात्र नाही.

मागितलं एवढंच: २४० जीबीची साधी साटा एसएसडी आणि जुन्या बाजारातली २ जीबी रॅमची एक पट्टी. सगळं मिळून दोन-सव्वादोन हजार. नवा पीसीच घ्या असं एका सभासदाने सुचवलं. तोही मुद्दा चूक नाही, कारण विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपतोय. पण फॉर्म आत्ता भरायचे आहेत, आणि ही एसएसडी उद्या दुसऱ्या पेटीत जाईलच. मंजूर.

२२ जून, शनिवार

मुलांच्या फाइली आधी बाहेर काढल्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर पहिलं काम हेच, चाचण्या नंतर. खरं तर मी हे ९ तारखेलाच करायला हवं होतं. २ जीबीच्या फाइली त्या डिस्कवर पुन्हा पुन्हा लिहून मीच तिला दमवत होतो. दोन पीडीएफ वाचता आल्या नाहीत, बाकी सगळं मिळालं.

जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली नाही. खराब भागांवर नक्कल तासन्‌तास अडकते, आणि ३२० चं २४० मध्ये बसवायचा कुटाणा वेगळा. विंडोज नव्याने टाकलं. परवाना बोर्डाला बांधलेला असल्याने नेटला जोडल्यावर आपोआप लागला. फुकटचा अँटिव्हायरस परत टाकायचा नाही, हे ताईंना बजावून ठेवलं.

२३ जून, रविवार

मोजमाप, सगळं जुन्याच पद्धतीने.

लॅपटॉपवरून मोरीत: ८४, होतं तेवढंच. लॅपटॉपवरून डिस्कवर: ८० च्या आसपास, शेवटपर्यंत. शून्य विंडोची पाकिटं ३८ वरून २. इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये आयएसओ: सेकंदाला २२ ते २४ एमबी, आलेख सपाट. रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रतिसाद एक-दोन मिलिसेकंद. या बोर्डाची साटा जुनी आहे, ३ गिगाबिटची, त्यामुळे एसएसडीच्या डब्यावर छापलेले ५०० चे आकडे इथे कधीच दिसणार नाहीत. पण २५ ची गरज असताना त्याचं सोयरसुतक कोणाला?

ब्राउझरची स्पीड टेस्ट: १३८, १४५, १४१.

काकांचा चेहरा पडला. "अजून साठ कुठे गेले?"

ते प्रोसेसरकडेच आहेत. टेस्ट चालू असताना ब्राउझरचं स्वतःचं टास्क मॅनेजर उघडून दाखवलं (`Shift+Esc`). टेस्टचा टॅब, नेटवर्कची सेवा आणि चित्र काढणारी प्रक्रिया मिळून दोन्ही कोर भरून टाकतात. टेस्टचं पान एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतं, प्रत्येक तुकडा एका प्रक्रियेकडून दुसरीकडे देतं, त्याचा हिशेब जावास्क्रिप्टमध्ये ठेवतं आणि वर तो काटाही फिरवतं. फाईल उतरवताना यातलं बरंचसं नसतं, म्हणून त्याच ब्राउझरमध्ये डाउनलोड २३ एमबीने, म्हणजे १८४ एमबीपीएसने होतं आणि स्पीड टेस्ट १४० म्हणते. डाउनलोडचा वेग टेस्टपेक्षा जास्त, असं उलटं चित्र नव्या यंत्रावर सहसा बघायला मिळत नाही.

याच सॉकेटचा जरा वेगवान प्रोसेसर जुन्या बाजारात मिळेल, पण त्यात पैसे घालणार नाही. मुलांना फाइली उतरवायच्या आहेत, काटा फिरवायचा नाही. पीसीवर चिठ्ठी चिकटवली: "या पीसीवर स्पीड टेस्ट घेऊन कंपनीला फोन करू नये. लॅपटॉपवर घ्यावी."

२९ जून, शनिवार

तीन नंबरवर आठवडाभर तक्रार नाही. डिस्क आणि प्रोसेसरचे आकडे वहीत लिहून ठेवलेत.

आता चार नंबर. हाही त्याच वर्षी घेतलेला, तोच प्रोसेसर, आणि मुलांच्या मते तोही मंद. मी येतानाच एसएसडीचा खर्च मनात धरला होता. तरी सवयीने आधी मोरीवाली चाचणी घेतली: लॅपटॉपवरून सेकंदाला ११.३ एमबी, काटा जराही हलत नाही. प्रोसेसर निम्मा मोकळा, डिस्कचा संबंधच नाही. लिंकचा वेग पाहिला तर `100/100 (Mbps)`.

टेबल ओढून पाहिलं. पायाखाली दबून तारेचा आरजे-४५ कनेक्टर अर्धवट निघालाय, निळी जोडी बाहेर लोंबतेय. काका शेजारीच उभे होते. "बघा, मी म्हणत होतो ना, तारच!" क्रिंपिंगचं पक्कड घरी राहिलंय, उद्या आणतो.